‘पोहू नका’मधला न

किनाऱ्यावरच्या त्या मांगरात जाळी ठेवली जात. मांगर ज्याचा होता तो मच्छीमार समोरच्याच पाण्यात बुडून गेला, बुडणाऱ्या एका पर्यटकाला काढायला उतरून. पर्यटक वाचला. मच्छीमाराच्या बहिणीची तिथे कोकम सरबताची टपरी आहे. ती दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यावर ओरडायची, "हय उतरू नको रे, खाली ओढ आसा!" ओरडून ओरडून घसा बसला, तेव्हा ती माझ्याकडे आली. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि गावात भिंती रंगवणारी बाई एवढीच माझी ओळख आहे.

"मांगराच्या भिंतीर लिव. माका वाचूक येणा नाय गो, पण लोकांका लांबसून दिसाक व्हया," ती म्हणाली.

‘पोहू नका’, एवढंच लिहायचं होतं. साधी, जाड अक्षरं काढून एका दिवसात मोकळी झाले असते. पण मला शहाणपण सुचलं. शहरात शिकताना ग्राफिटीचा नाद लागला होता, एकमेकांत घुसणारी, बाण आणि शेपट्या फुटलेली अक्षरं. इथे एवढी मोठी भिंत कोण देणार? वहीत आराखडा काढला. वहीतला एक चौकोन म्हणजे भिंतीवरचा एक फूट. निळीत बुडवलेली दोरी ताणून भिंतीवर आपटली, चौकोन आखले आणि डावीकडून सुरुवात केली.

खरं तर आधी सगळा शब्द खडूने हलका काढून घ्यायचा असतो, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. मग लांब जाऊन बघायचं आणि त्यानंतरच रंगाला हात लावायचा. मी शाळेतल्या पोरांना हेच सांगते. स्वतः मात्र ‘पो’ आणि ‘हू’ रंगवून मोकळी झाले, आणि तेव्हा उजव्या टोकाचं दार दिसलं. भिंत मोजताना मी ते भिंतीतच धरलं होतं. तीन फूट कमी पडत होते.

पुसून पुन्हा करायला हवं होतं. मी जोडणी केली. ‘का’ डावीकडे ओढला, ‘न’ त्याच्या मागे सरकवला, ‘हू’चा उकार लांबवून ‘न’च्या गाठीवरून फिरवला. शिरोरेषा सलग ओढली, दोन शब्दांमधली फट गेली. शेवटी चार बोटं जाड काळी बाह्यरेषा मारली. बाह्यरेषा आतली मोकळी जागा खाते, आणि तिने ‘न’चं उरलंसुरलं खाऊन टाकलं. राहिला एक उभा दांडा, तोही ‘क’ची सावली असावी असा. शिडीवरून मला हे दिसत नव्हतं. शिडीवरून फक्त आपला हात दिसतो, आणि माझा हात मला फार आवडत होता.

होड्यांवर नावं घालणारे म्हातारे पेंटर माडाखाली उभे राहून बघत होते. म्हणाले, "बाय, ह्येतलो ‘न’ खंय गेलो?"

"आसा काकानू, ‘क’च्या पाठीमागे. नीट बघा."

"मी नीट बघीन. पोवाक इल्लो मनीस बघतलो काय?"

मला राग आला. होडीच्या फळीवर टाकाने गिरवल्यासारखी सरळ अक्षरं काढणाऱ्याने मला शिकवू नये, असं मनात म्हटलं. आज ते आठवलं की माझीच मला किळस येते.

भिंत गाजली. लोक तिच्यासमोर फोटो काढू लागले. टपरीवालीने ओरडणं सोडलं. कुणी विचारलं की भिंतीकडे बोट दाखवायची, "थंय लिवल्लां आसा." तिला वाटायचं, भाऊच आता सांगतोय.

घाटावरून पाच मित्र आले त्या दिवशी मी टपरीवरच होते. एकाने भिंत मोठ्याने वाचली, "पोहू का?" दुसरा म्हणाला, "पोहू की!" सगळे हसले. मी ऐकलं, उठले, हाका मारत धावले. दोघे उतरले होते. एक परत आला. दुसरा दोन दिवसांनी, खडपाच्या कातळाला लागून.

मी ती भिंत चुन्याने पुसली. पेंटरकाकांना बोलावलं. त्यांनी दार सोडून जागा मोजली, पाच सारखे भाग पाडले, मधला एक रिकामा ठेवला आणि काळी, साधी अक्षरं काढली. तो रिकामा भाग मी कितीतरी वेळ बघत होते.

टपरीवालीने विचारलं, आधीचं चांगलं होतं, पुसलंस कित्याक? मी म्हटलं, खाऱ्या वाऱ्याने रंग उडाला.

"भिंतीर लिवल्लां आसा म्हणान मी गप रवलंय," ती म्हणाली. "बोंब मारूक व्हयी होती. माझाच चुकला."

ती हे अजून म्हणते, सरबत ढवळता ढवळता, जो ऐकेल त्याला. मी समोर बसलेली असते. तिला वाचता येत नाही, आणि मी अजून सांगितलेलं नाही.