टोमॅटोच्या चिठ्ठीतून गाळलेली ओळ

रत्नागिरीत आले तेव्हा मला दोनच गोष्टी नीट येत होत्या. टोमॅटोची झाडं सुतळीने काठीला बांधणं आणि गप्प बसणं. सातवीनंतर शाळा सुटली ती सांगोल्याकडच्या बागांतून मजुरीला जाण्यासाठी. नवऱ्याला इकडे गवंडीकाम मिळालं, म्हणून मी त्याच्यामागून आले. समुद्र बघून पहिले आठ दिवस मला झोप नव्हती.

भाजी विकायला बसायला जागा दिली ती चाचांनी. त्यांचं काथ्याच्या दोराचं आणि मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान होतं. बाजाराच्या वळणावर, पुढे वळचणीखाली रुंद ओटा. एक दिवस मला रस्त्यावर भिजताना बघून ते म्हणाले, "बाय, हिकडे सरक. माझ्या गिऱ्हाईकाला पाय ठेवायला जागा सोड, बाकी बस." भाडं कधी मागितलं नाही. उलट पहिल्याच पावसात जुन्या ताडपत्रीचा तुकडा वर बांधून दिला. त्यांचे उपकार मी आजही मोजू शकत नाही. म्हणूनच मला सतत भीती असायची की माझ्यावरून इथे कधी भांडण झालं, तर ते मला ऊठ म्हणतील.

आणि भांडण झालंच. टोमॅटोवरून.

पलीकडच्या वसाहतीत एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांच्या माहेरची आंब्याची कलमं होती. वसाहतीतल्या बायका त्यांना विचारून लोणचं घालत, त्यांना विचारून मुलांच्या शाळा ठरवत. माझ्याकडे वसाहतीची जी दहाबारा घरं यायची, ती बाईंच्या मागून आलेली. हे उपकारच होते, मी नाही म्हणत नाही.

त्या वर्षी आषाढात टोमॅटो किलोला आठाचे चोवीस झाले. बाईंनी हातातलं टोमॅटो परत ढिगावर टाकलं आणि छत्री मिटवून उभ्या राहिल्या.

"काय गो, आठाची चोवीस? आमच्या पावसात तुझं टोमॅटो भिजून फुगलं की काय?"

मागच्या दोघी हसल्या.

"बाई, माल येत नाही हो. वरच—"

"वर काय? वर दुष्काळ पडलाय? पंधरा दिवसांपूर्वी होतात ना तुम्ही ढीग लावून? पाऊस आला की तुम्हा घाटावरच्यांना आम्हाला लुटायला निमित्त. आणि आम्ही इथे जागा देतो बसायला!"

जागा चाचांनी दिली होती. पण तो शब्द माझ्या पोटात गेला आणि तिथेच राहिला. मी मान खाली घालून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसले. बाई गेल्या, त्यांच्या मागच्या दोघीही गेल्या. दुसऱ्या दिवशी वसाहतीतलं कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नुसतं टोमॅटो नाही, भेंडी नाही, मिरची नाही. बाईंनी सांगितलंन म्हणे, ती फसवते, तिच्याकडून काही घेऊ नका.

मी लुटत नव्हते. पहाटे ट्रकवरून पेटी घ्यायची, तेव्हाच निम्मा जीव जायचा. पण हे त्यांना कोण सांगणार? तोंडाने सांगायला गेले असते तर रडले असते. म्हणून मी लिहायचं ठरवलं. चाचांकडून दोराच्या बंडलाचा पुठ्ठा मागून घेतला आणि आधी वहीच्या कागदावर कच्चं लिहिलं. सातवीनंतर पहिल्यांदाच इतकं लिहीत होते.

पहिल्या मजकुरात मी बाईंना सोडलं नव्हतं. 'काही शिकलेल्या लोकांना वाटतं टोमॅटो आंब्यासारखं अंगणात लागतं' असं लिहिलं होतं. आणखीही होतं, ते इथे लिहीत नाही. चाचांनी चष्मा लावून वाचलं.

"बाय, ह्यात भाव कुठे हाय? शिव्याच दिसतात."

"त्यांनी मला चोर म्हटलं, चाचा."

"म्हणू दे. तू चोर नायस हे लिव. बाकीचं खोड."

मी खोडलं. त्यांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती. मग पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात जे लिहिलं ते असं होतं:

'नेहमीच्या गिऱ्हाइकांस नमस्कार. टोमॅटो महाग का, ते सांगते. उन्हाळ्यात लावलेल्या बागा पाऊस सुरू होईपर्यंत संपतात. पावसाच्या तोंडावर लावलेली रोपं फळाला यायला दोन-अडीच महिने लागतात. मधल्या दिवसांत माल थोडा आणि मागणारे सगळे. ज्या बागा उभ्या आहेत त्यांत पावसाने फुलं गळतात, करपा पडतो, पिकलेलं फळ तडकतं. म्हणून अर्धकच्चंच तोडतात. आपल्याकडच्या पावसात टोमॅटो टिकत नाही, सगळं आंबा घाटातून येतं. दरड पडली की ट्रक अडतो आणि ताडपत्रीखाली माल वाफतो. पेटी फोडली की सडकं बाजूला काढावं लागतं, ते माझ्याच अंगावर पडतं. तुम्ही निवडून घेता ते त्यातून उरलेलं. त्याचा भाव चोवीस. ज्यांना तरी पटत नाही त्यांनी माझ्या खरेदीच्या भावात बंद पेटी न्यावी. निवडायचं नाही, परत आणायचं नाही.'

शेवटची दोन वाक्यं मी चाचांना न दाखवता घातली. आणि एक ओळ, जी कच्च्या कागदावर होती, ती पुठ्ठ्यावर घातली नाही. ती ओळ होती: 'पेटी आली की लगेच फोडून, पुसून, पसरून ठेवावी. दाबून ठेवली तर दोन दिवसांत जाते.'

जागा पुरली नाही म्हणून गाळली असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. जागा होती. चार बोटं उरली होती.

पुठ्ठा खांबाला बांधला. लोक थांबून वाचायचे. एकजण म्हणाला, "भाजीवालीने पेपर काढलान!" पण वाचून त्याने पाव किलो घेतलं. दोन दिवसांनी बाई आल्या. सोबत वसाहतीतल्या तिघीचौघी, बहुतेक हे बघायलाच आणलेल्या. बाईंनी चष्मा सारखा करून सगळं वाचलं, पेपर तपासल्यासारखं.

"बंद पेटी खरेदीच्या भावात?"

"हो."

"मग दे. आम्ही चार घरं वाटून घेऊ. पेटीतला माल काय असतो ते मला नको सांगूस. जन्मभर पेट्या भरल्या आम्ही."

त्या सकाळची पेटी ट्रकवर दीड दिवस जास्त राहिलेली होती. घाटात दरड पडली होती. तेव्हा फळ्या ठोकलेल्या लाकडी पेट्याच यायच्या, आतलं दिसत नसे. पण फळीला हात लावला तरी आतला कोमटपणा कळायचा. मला कळला होता. त्या दिवशी घेतलेल्या तीन पेट्यांपैकी दोन मी पहाटेच फोडून, पुसून पसरल्या होत्या. तिसरी राहिली होती. तीच मी पुढे सरकवली.

बाईंनी वरची एक फळी उचकटून बघितलं. वरचा थर चांगलाच असतो, कुठल्याही पेटीत. हिरवट, पिवळट, काही गुलाबी.

"कच्ची आहेत. उत्तमच," बाई त्या बायकांना म्हणाल्या. "पेंढा आहे माझ्याकडे. आढी घालते. हापूसासारखी पिकतील. पिकली की वाटू."

मी जिभेचं टोक दाताखाली धरलं. आंबा पेंढ्यात दाबला की पिकतो, आणि तोही कोरड्या दिवसांत. ट्रकवर वाफलेलं, ओलं टोमॅटो आषाढातल्या दमट घरात पेंढ्याखाली दाबलं की काय होतं, ते मी लहानपणापासून बघत आले होते. एक वाक्य पुरेसं होतं. बाई, दाबू नका, आजच पसरा. मी म्हणाले, "घाला."

रिक्षात पेटी चढवायला मी स्वतः हात लावला. माझा हात इतका हलका आयुष्यात कधी वाटला नव्हता.

पुढचे दोन दिवस मी सुखात काढले. कारली तोलताना मला त्यांचं स्वयंपाकघर दिसायचं. आता खालचं फुटलं असेल. आता पाणी सुटलं असेल. आता वरच्याला लागलं असेल. पाऊस जोरात आला की मी मनात म्हणायचे, ये, अजून ये.

तिसऱ्या दिवशी वसाहतीतली एक वहिनी आली. हसू दाबत होती.

"अगं, बाईंच्या घरी जाऊ नको हो. चिलटं बघ नुसती! जिन्यापर्यंत वास आला. पेंढा उचललान तर खाली रस्सा. चार घरांत मिळून अडीच-तीन किलो धड आलं असेल. आणि त्या म्हणतात, पिकतील, पिकतील!" मग तिने माझ्या ढिगाकडे बघून विचारलं, "कितीला?"

"चोवीस."

"दे अर्धा किलो." भाव केलान नाही.

त्या संध्याकाळपर्यंत वसाहतीतली सहा घरं परत आली. प्रत्येकीने तोच किस्सा सांगितला, प्रत्येकीच्या सांगण्यात चिलटं वाढत गेली. मी सगळ्यांचं ऐकलं. एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या, एकट्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, चाचा दोर मापत होते. बाईंनी ढिगाकडे बघितलं नाही, पुठ्ठ्याकडे बघितलं.

"तुला ठाऊक होतं ना, ती तशी ठेवली तर सडणार?"

नाही म्हणता आलं असतं. बंद पेटी होती, मला काय माहीत. चाचांच्या हातातला दोर थांबला होता. मला बाईंची भीती नव्हती, त्या थांबलेल्या दोराची होती.

"होतं," मी म्हणाले.

"मग एवढं सगळं लिहिलंस, ते का नाही लिहिलंस?"

"तुम्ही म्हणालात, पेटीतला माल सांगू नकोस."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गात उत्तर बरोबर देणाऱ्या पण उद्धट पोरीकडे बघतात तसं. "ते मी म्हटलं," त्या हळू म्हणाल्या. "पण लिहिलंस ते त्याच्या आधी." आणि छत्री उघडून गेल्या.

चाचांनी दोर कापला, गिऱ्हाइकाला दिला. मग माझ्यापाशी येऊन उभे राहिले. आता म्हणणार ऊठ, असं वाटून मी तराजू आवरायला घेतला.

"तिनी चोर म्हटलंन तेव्हा तू नव्हतीस," ते म्हणाले. "ती पेटी दिलीस तेव्हा थोडी झालीस. लिव ते."

मी चार बोटांच्या जागेत ती ओळ लिहिली. पेन पुठ्ठ्यावर दाबून दाबून. पण ती लिहिताना मला पश्चात्ताप होत होता असं कोणी समजू नये. चाचांसाठी लिहिली. माझी जागा राहिली म्हणून लिहिली. बाईंसाठी नाही.

त्यानंतर पावसाळ्यात बंद पेटी कोणी मागितली नाही. ओट्यावर बाईही पुन्हा आल्या नाहीत. वसाहतीतली ती वहिनी यायची, स्वतःचं घेऊन झालं की आवाज खाली आणून म्हणायची, "आणि हे अर्धा किलो बाईंचं." त्याच ढिगातलं, त्याच भावाने, मी चोख तोलून द्यायचे, सडकं एकही जाऊ देत नसे. बाकीच्या सगळ्यांच्या पिशवीत कढीपत्त्याची एक काडी फुकट टाकायचे. बाईंच्या अर्ध्या किलोवर मी ती कधी टाकली नाही.