परभणीच्या माणसाला कसलं ऊन

ट्रेकला निघायच्या आदल्या दिवशी मी बायकोची पिशवी काट्याला लावली. ती शाळेत शिकवते. हिमालयातली ती बर्फाची खिंड आपल्या पायांनी ओलांडायची, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती सहा महिने रोज कृषी विद्यापीठाच्या रस्त्याने चालली. पिशवी जड भरली, म्हणून मी सनस्क्रीनची ट्यूब आणि ओठांचं मलम काढून कॉटवर ठेवलं आणि खोबरेल तेलाची बाटली आत टाकली.

"परभणीच्या माणसाला कसलं ऊन? मे महिना काढतो आपण," असं मी म्हणालो. या वाक्याची मला आजही चीड येते.

तिसऱ्या दिवशी बर्फ लागला. तेल थिजून दगड झालं होतं. बाटली काखेत धरून मी ते पातळ केलं आणि माझ्या हातांनी तिच्या तोंडाला चोपडलं. वारा इतका गार होता, की भाजतंय हे कळतच नव्हतं. मी नाकापर्यंत मफलर गुंडाळला होता. तिला दम लागायचा, म्हणून ती तोंड उघडं टाकून चालायची आणि कोरडे ओठ सारखी जिभेने ओले करायची.

सकाळी माणशी एक मग कोमट पाणी मिळायचं. पारोशा तोंडाने चहा नको, म्हणून मी तिला साबणाने तोंड धुवायला लावलं. उरलंसुरलं कातडंही त्यानं सोलून निघालं.

चौथ्या संध्याकाळी तिचे ओठ फुटून रक्त आलं. बर्फावरून उलटून आलेल्या उन्हानं हनुवटीच्या खालची बाजू आणि नाकपुड्यांच्या कडा भाजल्या होत्या. ओठांना लागतं म्हणून ती दिवसभर नीट पाणी प्यायली नव्हती. आता डोकं ठणकत होतं. माझ्याच वयाच्या वाटाड्यानं आपल्या डबीतलं व्हॅसलीन तिच्या ओठांना लावलं, साबण बंद करायला सांगितलं, घोट घोट पाणी पाजलं. मग म्हणाला, या बाई उद्या वर नाही, खाली जातील.

मी त्याच्यावर ओरडलो. आधी सांगायला काय झालं होतं तुला?

"त्यांना कशाला बोलताव?" ती सुजलेल्या ओठांनी म्हणाली. "सोबत आणायच्या सामानाच्या यादीत लिहिलं होतं त्यांनी. ट्यूब काढताना बघितलं होतं मी तुमाला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? तुमी ऐकलं असतं?"

सकाळी ती वाटाड्याच्या हाताखालच्या मदतनीस बाईबरोबर खाली उतरली. मी वर गेलो. जायला नको होतं. पैसे भरलेत, एकानं तरी पोचावं, असं मी स्वतःला सांगितलं आणि गेलो.

खिंडीतला माझा फोटो बैठकीत आहे. तो मी लावला नाही, तिनं लावला. पाहुणे विचारतात, वहिनी, तुम्ही नाही दिसत यात? ती चहाचा ट्रे ठेवते.

"ह्यांनाच इचारा," म्हणते. "वर लय ऊन होतं म्हणे."