मिलिमीटरदादा आणि मोडकी ट्यूबलाइट

गल्लीतल्या सुताराला सगळे मिलिमीटरदादा म्हणतात, आणि हे नाव पसरवलंय त्यानेच. एका घरी नव्या किचनच्या कपाटांना चकचकीत अ‍ॅक्रिलिक शटर्स, म्हणजे दारं, बसवल्यावर त्याने प्रत्येक फटीत तीन मिलिमीटरची पट्टी सरकवून दाखवली. पट्टी कुठे अडली नाही की कुठे सैल पडली नाही. घरच्या बाई खूश झाल्या. त्यांच्या जाऊबाई मुद्दाम काम बघायला आल्या होत्या. पसंत पडलं, तर त्यांचंही किचन दादालाच मिळणार होतं.

"आता बघा आरसा!" म्हणत दादाने शटर्सवर ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटवलेली धुरकट फिल्म सर्रकन ओढली. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब चमकलं खरं, पण दोन शटर्सच्या मधोमध मोडलं. फटी सारख्याच होत्या, पण एक शटर वरच्या अंगाला किंचित पुढे आलं होतं. फिल्मखाली ते दिसणार कसं?

जाऊबाई म्हणाल्या, "अहो दादा, तुमचं अर्धं डोकं कुठे गेलं?"

दादाने वाकून पाहिलं. नाक एका शटरात, कान दुसऱ्यात भलतीकडेच. "ते कामाला येतंच नाही ताई, बढाया मारण्यात गुंतलेलं असतं."

हँडलऐवजी ठेवलेल्या खाचेत बोटं घालून त्याने शटर उघडलं, वरच्या बिजागरीचा मागचा स्क्रू थोडा फिरवला आणि बंद करून पाहिलं. तिसऱ्या खेपेला ट्यूबलाइट सरळ झाली.

"माझंही काम तुम्हीच करा," जाऊबाई म्हणाल्या, "पण संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

दादाने होकार दिला. घरी येऊन बायकोला विचारलं, "जमेल ना मला?" ती इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं.