शून्य वगळायचं राहिलं

राळेगावच्या शाळेत मी तासिका तत्त्वावर नवीन शिक्षिका होते, आणि त्या दिवशी मुख्याध्यापक वही घेऊन मागच्या बाकावर बसले होते. पुढची तासिका मिळणार की नाही, ते त्या वहीवर ठरायचं. दहावीच्या चाचणीचे पेपर मी परत देत होते.

फळ्यावर प्रश्न लिहिला: kx² + 6x + 1 = 0 ची दोन वेगळी वास्तव मुळं हवीत, तर k किती? विवेचक शून्याहून मोठा हवा, म्हणजे 36 − 4k > 0, म्हणून k < 9. झालं उत्तर.

तांड्यावरून एसटीनं येणारी एक मुलगी उभी राहिली. तिनं पेपरात ‘k < 9, पण k शून्य नाही’ असं लिहिलं होतं, आणि मी त्या ‘पण’वर लाल फुली मारून एक गुण कापला होता.

“मॅडम, k शून्य टाकून पाहू का?”

तिनं खडू घेतला. x² चं पद गेलं. उरलं 6x + 1 = 0. मूळ एकच! आणि विवेचक मात्र छत्तीस.

तिचा ‘पण’ बरोबर होता. मागे पेनचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. काय दिसलं तिला, देव जाणे. तळहातानं फळा पुसत ती म्हणाली, “माह्यंच चुकलं, मॅडम.”

मी म्हणाले, “बस खाली.”