श्राद्धाच्या पंधरवड्यातलं सलून

नोएडाच्या आमच्या सेक्टरात पितृपक्षात कोणी भुवयासुद्धा कोरून घेत नाही. माझ्या सलूनच्या खुर्च्या दुपारभर रिकाम्या असतात आणि मला ती आठवते, माझ्याकडे कामाला असलेली पानिपतची.

तिच्या हातचा नवरीचा मेकअप पहाटेच्या फेऱ्यांपर्यंत टिकायचा. नवऱ्या मला नाही, तिलाच मागायच्या. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू? सलून माझं, भाडं मी भरते आणि आल्या आल्या विचारणा तिची! पण रिकाम्या दुपारी तीच माझ्या डोक्याला तेल लावायची, मी तिला थालीपीठ खायला घालायचे आणि आम्ही दोघी आपापल्या सासरच्यांना यथेच्छ नावं ठेवायचो. दिल्लीच्या बाजूला इतकी वर्षं काढली, पण तशी मैत्रीण मला दुसरी मिळाली नाही.

आमच्या धंद्याचं गणित सोपं आहे आणि तेच मला कळत नव्हतं. कार्तिकी एकादशीनंतर लग्नं सुरू होतात. मधला खरमासाचा, इकडे अशुभ मानलेला महिना सोडला, तर जूनअखेरपर्यंत कमी-जास्त चालतात. आषाढी झाली की चार महिने लग्न नाही. तीज, राखी, करवा चौथ एवढेच काय ते गर्दीचे दिवस. भाडं, वीज आणि पगार मात्र चातुर्मास पाळत नाहीत. मी त्या महिन्यांत मुलींना अर्धा पगार द्यायचे आणि नोव्हेंबरच्या नवऱ्यांनी दिलेल्या ॲडव्हान्सवर भाडं भागवायचे. मग ऐन सीझनमध्ये काम डोंगराएवढं आणि हातात फक्त उरलेली अर्धी रक्कम.

एका वर्षी सीझनच्या तोंडावर तीच म्हणाली, "दीदी, हर दुल्हन पे जो मेरा इन्सेंटिव्ह बनता है, वो अभी मत दो. अपने पास रखो. सावन से थोड़ा-थोड़ा देना. बेटी की फीस भी तभी जाती है."

शहाणपणाची गोष्ट होती. मी हो म्हटलं. फक्त ते पैसे वेगळे ठेवले नाहीत, सगळे एकाच खात्यात. जूनमध्ये खातं असं भरलेलं दिसलं की मला वाटलं, आपलं नशीब उघडलं. समोरच्या सलूनवालीने नव्या खुर्च्या आणल्या होत्या. मीही आणल्या, शिवाय आरसे. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय!

श्रावण मी कसाबसा रेटला. पितृपक्षात तिने फीची आठवण करून दिली. खात्यात नवऱ्यांचा ॲडव्हान्स सोडून काही नव्हतं आणि त्यातलाही निम्मा भाड्यात गेला होता. मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "बैंक में कुछ अटक गया है. दिवाली के बाद पक्का."

"अच्छा दीदी," ती म्हणाली. फी तिने कानातले गहाण ठेवून भरली, हे मला दुसऱ्या मुलीकडून कळलं. त्यानंतरही मी गप्प बसले. मालकीणबाईंची मान खाली कशी जाणार?

दिवाळीनंतर तिला पै न् पै दिली. तिने बुक झालेल्या सगळ्या नवऱ्या केल्या, एकही चुकवली नाही. शेवटच्या नवरीची पाठवणी झाल्यावर ब्रश धुऊन, पुसून माझ्या टेबलावर ठेवले आणि सांगितलं की पानिपतला घराजवळच काम मिळालंय. मी "बिल्कुल, जाओ" म्हणाले. वर तिच्यावर संतापलेही, मनातल्या मनात.

आता माझी दोन खाती आहेत. नवरीचा ॲडव्हान्स तिचं काम होईपर्यंत माझा नसतो, तो वेगळ्या खात्यात राहतो. सीझनच्या कमाईतून चार महिन्यांचं भाडं आणि पगार आधी बाजूला काढते, मगच उरलेल्याला हात लावते. मुलींना बारा महिने सारखा पगार मिळतो, एक तारखेला.

यंदा पितृपक्षातल्या अशाच एका दुपारी न राहवून तिला फोन केला. ये म्हणाले. आता सगळं नीट झालंय, पूर्ण पगार देईन, तुझे पैसे कधी अडकणार नाहीत.

"पता है दीदी, लड़कियाँ बताती हैं. अच्छा लगता है सुनके." मग म्हणाली, "पैसे तो मैं तब भी छोड़ देती. कुर्सियाँ मेरे सामने ही तो आई थीं. आप बस इतना कह देतीं कि खर्च हो गए."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिला तिकडे कोणीतरी हाक मारली. तिच्याकडे गिऱ्हाईक आलं होतं.