आभाराच्या फ्लेक्सवरचा माझा फोटो

इंदापुरात आमच्या मंडळानं यंदा गणपतीला मंदिराचा मोठा देखावा केला. विसर्जन झाल्यावर मदत करणाऱ्यांचे आभार मानणारा मजकूर लिहायचं काम मराठीचा मास्तर म्हणून माझ्या गळ्यात पडलं. मी मनापासून लिहिलं. लोखंडी सांगाडा जोडणारे लासुर्ण्याचे वेल्डर चाचा, पुठ्ठ्याच्या खांबांना कागदाचा लगदा लावून ते रंगवणाऱ्या आळीतल्या बायका, भर पावसात ताडपत्री धरून उभी राहिलेली माणसं, सगळ्यांची नावं घातली. "तुमचं नाव पहिलं," असं चाचांना सांगूनही टाकलं.

अध्यक्षांनी मजकुरावर नुसती नजर फिरवली. "सर, एवढी नावं कशाला? एखादं राहिलं की रुसवेफुगवे. 'ज्ञात-अज्ञात हात' लिवा, विषय संपला."

मग चौकात आभाराचा फ्लेक्स लागला. त्यावर पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो, ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणं लहानमोठे. त्यातल्या एकानंही साधा खिळा उचललेला नव्हता, पण त्यांची नावं घेताना कुणाच्या रुसव्याची भीती वाटली नाही. तळाशी बारीक अक्षरात 'ज्ञात-अज्ञात हात'. शिसारी आली मला. त्यात कोपऱ्यात माझाही फोटो, खाली 'शब्दांकन'. राबलेल्यांपैकी एकाचाही चेहरा नाही, आणि माझा आहे!

फ्लेक्सची चौकट उभी करायला चाचांनाच बोलावलं होतं. शिडीवरून उतरत ते कौतुकानं म्हणाले, "सर, फोटो लई झ्याक आलाय तुमचा. आता माझं नाव कुठं हाय तेवढं दाखवा."