बोर्डावरचं आडनाव

वैजयंता ढवारे लातूरकडची. नवरा केरबा भाईंदरला भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला लागला, त्याच्या मागोमाग ती आली आणि भाईंदर पश्चिमेच्या एका दोन खोल्यांच्या घरात संसार मांडला. तिच्या हातचा काळा मसाला मजल्यावरच्या चार घरांत जायचा. मालाचे पैसे ती घ्यायची, कष्टाचे घ्यायची नाही. त्यावरून एक दिवस समोरच्या सुचेताताई चिडल्या.

सुचेताताई गिरगावातून इकडे राहायला आलेल्या, एका ऑफिसात हिशेबाच्या कामाला. त्यांनीच बातमी आणली की दिवाळीच्या आधी महिला मंडळाचं प्रदर्शन आहे, हॉलमध्ये, तीन दिवस. स्टॉलचं भाडं पाचशे. त्यात एक टेबल, दोन खुर्च्या, एक ट्यूबलाइट.

"पाचशे? येड लागलंय का?" केरबा म्हणाला.

"थांबा, आधी मांडून बघू," सुचेताताई म्हणाल्या. मिरची, धने, खोबरं, दगडफूल, तेल, डंकावरची कुटाई, पिशवी, सगळं धरून शंभर ग्रॅमचं पाकीट आठ रुपयांना पडत होतं. विकायचं चौदाला. पाकिटामागे सहा सुटणार. भाडं पाचशे, हातगाडी जाऊन-येऊन चाळीस, लेबल आणि छापील चिठ्ठ्या ऐंशी, चवीला फुकट द्यायचं ते शंभर. एकूण सातशे वीस.

"म्हणजे एकशेवीस पाकिटं गेली की आपण फक्त बरोबरीत," सुचेताताई म्हणाल्या. "त्याच्या पुढचं तुझं."

"आणि नाही गेली तर?" वैजयंताने विचारलं.

"तर माणसं मिळव. मसाला एकदा घेऊन भागत नाही, दर महिन्याला लागतो. तीन दिवसांत कोण कुठं राहतं ते कळलं, तर वर्षभराची गिऱ्हाइकं मिळाली."

हे वैजयंताला पटलं. बिशीतून उचलून तिने भाडं भरलं.

आठवड्याने मंडळाच्या संपदाताईंनी तिला बोलावलं. यादीत नावापुढे आडनाव होतं, ते त्यांनी दोनदा वाचलं. मग गोड आवाजात म्हणाल्या, "वैजयंताबाई, खायच्या वस्तूंचे स्टॉल खूप झालेत हो. तुम्ही पायपुसणी वगैरे काही करता का? नाहीतर एक करा, बोर्डावर नुसतं 'वैजयंता गृहउद्योग' लिहा. आडनाव नको. मला काही नाही, पण खाण्याच्या बाबतीत लोक जरा... तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय," वैजयंता म्हणाली. "गावात कळत होतं, इथं बी कळतंय. भाडं घेताना आडनाव चाललं, तर बोर्डावर पण चालंल."

घरी येऊन तिने पेंटरला बोर्ड सांगितला. वर पूर्ण नाव, वैजयंता केरबा ढवारे. त्याच्याखाली घरगुती काळा मसाला. केरबाने बोर्ड पाहिला आणि मान खाली घातली. "धंदा करायचाय का भांडण?"

"चोरून विकायला ती काय दारू आहे?" ती म्हणाली.

प्रदर्शनाच्या सकाळी कळलं, तिला जागा मिळाली होती अगदी मागे, जिन्याखाली, बाथरूमच्या वाटेवर. ट्यूब होती, पण पेटत नव्हती. केरबाने दुकानातून नवी ट्यूब आणून बसवली. सपाट टेबलावर माल आडवा पडला तर लांबून दिसत नाही, म्हणून वैजयंताने दोन खोकी पालथी घालून पायऱ्या केल्या, वर लग्नातली पांढरी चादर पसरली. पाकिटं पायऱ्यांवर उभी. पुढे स्टीलच्या ताटल्यांत अख्खा माल, मिरची, धने, दगडफूल, म्हणजे पाकिटात काय आहे ते डोळ्यांना दिसावं. भाव पुठ्ठ्यावर ठळक, विचारायला लागू नये असा. हॉलमध्ये शेगडीला परवानगी नव्हती, म्हणून वांग्याचा रस्सा घरून डब्यात आणलेला आणि भाकरीचे तुकडे.

जिन्याखाली त्या रश्शाचा वास कोंडून राहिला आणि बाथरूमकडे जाणारी माणसं थबकायला लागली. दुपारी एक बाई आल्या, भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला आणि तोंडाकडे नेता नेता त्यांची नजर वर गेली. नाव वाचलं. तुकडा हळूच बशीत ठेवला.

"मावशी," वैजयंता म्हणाली, आवाज न चढवता, पण शेजारच्या चार स्टॉलना ऐकू जाईल असा. "मिरची बाजारातली, धने बाजारातले. आडनाव तेवढं माझं. ते पिशवीत भरलेलं नाही, वर लिहिलंय. वाचा, आणि मग काय ते ठरवा."

बाई निघून गेल्या. पण मागे उभ्या असलेल्या मीरा रोडच्या नया नगरातल्या एका बाईंनी पुढे होऊन विचारलं, "मटन में चलेगा?"

"मटणासाठीच आहे, दीदी. एक पुडी ले जाओ, आज बनाके देखो. पैसा नाही, बस इसमें नाव-पत्ता लिखो."

पुडी दहा ग्रॅमची, एका भाजीपुरती. तिच्यावर वैजयंताचा पत्ता. बदल्यात छापील चिठ्ठी भरून द्यायची: नाव, बिल्डिंग, खोली, घरी कधी असता, घरात किती माणसं, आणि मी घरी येऊन मसाला दिला तर चालेल का. शेवटच्या प्रश्नाला 'नको' लिहिलं तरी पुडी मिळायची. लिहिता येत नसेल त्यांचं वैजयंता स्वतः लिहून घ्यायची.

संध्याकाळी संपदाताई चक्कर मारायला आल्या. "अहो, बोर्ड जरा..."

"उद्या अजून मोठा करू का?" वैजयंताने विचारलं. संपदाताई पुढच्या स्टॉलकडे वळल्या.

तीन दिवसांत चौऱ्याण्णव पाकिटं गेली. बरोबरीला सव्वीस कमी. दीडशेच्या वर रुपये पदरचे गेले. केरबा आणि वैजयंताने उरलेला माल हातगाडीवर घालून घरी आणला. दुसऱ्याच दिवशी तिने चिठ्ठ्या बिल्डिंगप्रमाणे लावल्या. 'नको' वाल्या बाजूला काढून फाडून टाकल्या. बाकीच्यांकडे आठ दिवसांच्या आत जायचं, पुडीची चव जिभेवर आहे तोवर. मीरा रोडच्या सोसायट्या, नया नगर, भाईंदरच्या गल्ल्या. एका वेळी एकच बिल्डिंग, म्हणजे पायपीट वाचते. काहींनी दार उघडून परत लावलं. पण निम्म्याहून जास्त घरांनी पाकीट घेतलं, आणि पुढच्या महिन्यात त्यांनीच शेजारचं दार दाखवलं. होळीपर्यंत दीडशेच्या वर पाकिटं महिन्याला जायला लागली. केरबाने पॉलिशचं काम सोडलं नाही, पण रविवारी तो पिशवी घेऊन निघायचा.

पुढच्या दिवाळीआधी संपदाताई स्वतः घरी आल्या. मागच्या खेपेला गर्दी कमी झाली होती, म्हणून यंदा आमंत्रणं वाटायची होती.

"तुमच्याकडे पत्ते आहेत म्हणे पुष्कळ. मंडळाला द्या ना."

"पत्ते लोकांनी मला दिलेत, मसाल्यासाठी. विचारल्याशिवाय दुसऱ्याला कसे देऊ?"

"अहो, चांगल्या कामासाठीच."

"मग आमंत्रणं माझ्याकडं द्या. मी घरोघरी जाते, मीच देते. पण स्टॉल दाराजवळचा पाहिजे. भाडं सगळ्यांना आहे तेवढंच भरीन, कमी नको. आणि नाव पूर्ण लागंल."

संपदाताईंनी चहाचा कप हातात फिरवला. मग म्हणाल्या, "दाराजवळचा देते."

त्या वर्षी दुसऱ्या दिवशी दुपारीच माल संपला. शेजारच्या स्टॉलवाल्यांनी सांगितलं, आवरा आता, घरी जा. वैजयंता खुर्ची पुढे ओढून बसली. तिसऱ्या दिवशीही रिकाम्या पायऱ्या मांडून बसली, आणि येईल त्याच्यापुढे पेन धरून म्हणाली, "मसाला संपला. पत्ता लिहा, सोमवारी घरी आणून देते."